‘तपासणी झडप’ कुठे लावायची? व्हॉल्व आणि फ्लँजच्या नोंदी मराठीत आणताना पुन्हा पुन्हा होणारा घोळ

“ताई, ही तपासणी झडप म्हणजे सॅम्पल काढायचा कॉक का?”

पंपाच्या डिस्चार्जची लाईन चालू होती. फिटरच्या हातात मी केलेल्या मराठी नोंदींचा कागद होता आणि त्यात चेक व्हॉल्वसमोर, म्हणजे उलटा प्रवाह रोखणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्वसमोर, ‘तपासणी झडप’ असं छापलेलं होतं. त्याचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. तपासणी म्हटलं की काहीतरी काढून बघायचं, म्हणजे छोटा कॉक असणार. मी म्हणाले, “दादा, एनआरव्ही.” त्यावर तो नुसता हसला. “मग एनआरव्हीच लिहायचं ना.”

हे एकदाच घडलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. पण पाइपिंगची कागदपत्रं मराठीत आली की हाच घोळ वेगळ्या वेशात परत येतो. कधी चेकमध्ये, कधी ग्लोबमध्ये, आणि सगळ्यात जास्त फ्लँजच्या आकड्यामागे बसलेल्या त्या हॅशमध्ये. नवीन अनुवादक येतो, शब्दकोश उघडतो आणि तीच चूक नव्याने करतो. जुना असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरची स्मृती जुनं वाक्य पुढे करते आणि तो ‘मंजूर’ दाबून पुढे जातो. मी दोन्ही केलेलं आहे.

लक्षण: कागद बरोबर दिसतो, हातातला माल वेगळा

गेट म्हणजे फाटक, ग्लोब म्हणजे गोल, बॉल म्हणजे गोळा, चेक म्हणजे तपासणी. शब्दकोशाच्या हिशेबाने चारही बरोबर. कार्यालयात बसून वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, उलट भाषा शुद्ध आहे म्हणून बरं वाटतं. पण फिटर हा कागद वाचण्यासाठी वाचत नाही. तो कागद हातात धरून रॅककडे जातो आणि त्यावरून वस्तू उचलतो. त्याच्या तोंडात गेट, ग्लोब, बॉल, एनआरव्ही हीच नावं असतात. स्टोअरच्या बिनकार्डावर आणि पेटीवरच्या लेबलावरही तीच असतात. मधल्या एकाच कागदावर वेगळं नाव आलं की त्याला उलटा अनुवाद करावा लागतो. ‘गोल’ म्हणजे मूळ काय असेल बरं? ग्लोब की बॉल?

नेमका हा प्रश्न एकदा एका चार इंची बायपासवर आला.

ग्लोबच्या जागी बॉल: ६३ मिलिमीटरची गोष्ट

कंट्रोल व्हॉल्वच्या आगेमागे दोन गेट आणि त्यांना वळसा घालून जाणाऱ्या बायपासवर एक ग्लोब, अशी नेहमीची मांडणी होती. बायपासवर ग्लोब ठेवतात कारण कंट्रोल व्हॉल्व दुरुस्तीला काढला की ऑपरेटरला हाताने प्रवाह कमी-जास्त करावा लागतो, आणि अर्धवट उघडं राहणं हेच ग्लोबचं काम. मालाच्या यादीत मूळ ओळ अशी होती:

```
VALVE GLOBE 4" CL150 FLGD RF A216-WCB BB OS&Y HW
```

मराठी यादीत ती ‘४ इंच गोल झडप, १५० पाउंड, उंचावलेला चेहरा’ अशी उतरली होती. (चेहऱ्याबद्दल पुढे बोलते.) स्टोअरमध्ये त्या दिवशी चार इंची दीडशेचा एक बॉल व्हॉल्व समोरच होता. तो गोळ्याचा आहे, यादीत ‘गोल’ लिहिलंय, साइज आणि क्लास जुळतंय. दिला. फिटरने घेतला.

स्पूल, म्हणजे पाइपचे तयार तुकडे, आधीच वेल्डिंग होऊन आले होते आणि ते ग्लोबच्या लांबीवर कापलेले होते. फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंत चार इंची क्लास १५० ग्लोबची लांबी २९२ मिलिमीटर असते. त्याच साइजचा आणि क्लासचा लाँग पॅटर्न बॉल २२९ मिलिमीटरचा असतो. दोन्ही बाजूंना गॅस्केट सारखंच, त्यामुळे ते हिशेबातून निघून जातं. खाली उरली सरळ ६३ मिलिमीटरची फट.

मिस्त्री जाणता होता. चेन ब्लॉक लावून लाईन ओढायला त्याने नकार दिला, टेप धरली आणि वर निरोप पाठवला की स्पूल आखूड कापलेत की व्हॉल्व चुकीचा आहे ते सांगा. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने लाईन ओढून स्टड घातले असते आणि तो ताण कायमचा व्हॉल्वच्या फ्लँजवर आणि जवळच्या सपोर्टवर बसला असता. किंवा मधे एक तुकडा घालून काम ‘जमवलं’ असतं. मग बायपासवर बॉल बसला असता, ऑपरेटरने तो अर्धा उघडून चालवला असता, आणि टेफ्लॉनच्या सीटच्या कडेवरून जोराने जाणाऱ्या प्रवाहाने ती सीट कुरतडली असती. काही महिन्यांनी तक्रार आली असती की बॉल व्हॉल्व पूर्ण बंद केला तरी गळतो. त्या तक्रारीचा धागा कुणी अनुवादापर्यंत नेला असता असं मला वाटत नाही.

यातून एक उपयोगाची गोष्ट कळली, ती म्हणजे टेप कुठली चूक पकडते आणि कुठली पकडत नाही. चार इंची क्लास १५० मध्ये गेटही २२९ चाच असतो. म्हणजे गेट आणि बॉल यांची अदलाबदल झाली तर दोन्ही फिट बसतात आणि कुणाच्याच लक्षात येत नाही. तिकडे ग्लोब २९२ आणि स्विंग चेकही २९२. क्लास ३०० मध्येही हीच जोडी राहते, गेट आणि बॉल ३०५, ग्लोब आणि स्विंग चेक ३५६. पण हा नियम समजू नका. सहा इंची क्लास १५० ला ग्लोब ४०६ आणि स्विंग चेक ३५६ होतो, आणि तिथे लाँग पॅटर्न बॉल गेटपेक्षा बराच लांब असतो. एवढंच लक्षात ठेवा की लांबी जुळली म्हणजे व्हॉल्व बरोबर आहे असं होत नाही, त्यामुळे नाव चुकलं तर मागे पकडायला कुणी नाही असं धरूनच लिहावं.

उपाय: नाव रॅकवरचं, समजूत मराठीत

माझा उपाय साधा आहे. नावाचा अनुवाद करायचा नाही, कामाचा करायचा. नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवायचं आणि त्यापुढे एकच वाक्य लिहायचं, ज्यात हाताला आणि डोळ्याला काय जाणवतं ते येईल. ‘झडप’ हा शब्द मला आवडतो, पण सामान्य अर्थाने. ‘सगळ्या झडपा बंद करून मग लाईन रिकामी करा’ यात तो छान बसतो. चार प्रकारांच्या नावात घातला की मात्र तो वाचणाऱ्याला रॅकपासून लांब नेतो.

वरची ओळ आता मी अशी लिहिते:

> ग्लोब व्हॉल्व, ४ इंची, क्लास १५०, फ्लँजचा, आरएफ. बॉडी ए२१६ डब्ल्यूसीबी, बोल्टेड बॉनेट, रायझिंग स्पिंडल, हँडव्हील. प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी. बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेला ठेवा.

शेवटची दोन वाक्यं मूळ यादीत नव्हती. अनुवादकाने आपल्या मनाने भर घालू नये हे मला मान्य आहे. म्हणून ती मी एकदा डिझाइनच्या माणसाकडून तपासून घेतली आणि प्रत्येक प्रकाराला एक अशी कायमची नोंद करून ठेवली. बाणाबद्दल विशेष विचारलं होतं. ग्लोबमध्ये प्रवाह बहुधा डिस्कच्या खालून वर येतो, पण काही ठिकाणी मुद्दाम वरून घेतात. म्हणून ‘खालून वर’ असं लिहायचं नाही, ‘बाणाप्रमाणे’ एवढंच लिहायचं, आणि आयसोमेट्रिक ड्रॉइंगवर वेगळं दाखवलं असेल तर ते पाळायचं.

गेटला फार लिहावं लागत नाही. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट ठेवू नये, एवढं पुरतं. नेहमीच्या वेज गेटला दिशा नसते, म्हणून तिथे बाणाचं वाक्य चिकटवू नका. चिकटवलं तर फिटर नसलेला बाण शोधत बसतो. हे ‘कॉपी करून खाली ओढल्या’मुळे माझ्याच यादीत एकदा झालं होतं. गेटमध्ये खरी अडचण करते ती ओएस अँड वाय ही अक्षरं. त्याचं ‘बाहेरील स्क्रू आणि जू’ झालेलं मी पाहिलं आहे. जू वाचून बैल आठवतो, व्हॉल्व नाही. फिटरला त्यातून कळायला हवं ते इतकंच की उघडताना स्पिंडल वर येतो, तेव्हा डोक्यावर जागा सोडा. चार इंची गेट पूर्ण उघडला की स्पिंडल साधारण भोकाइतका, म्हणजे शंभरेक मिलिमीटर, हँडव्हीलच्या वर निघतो. वरून केबल ट्रे जात असेल तर ‘रायझिंग स्पिंडल’ हे दोन शब्द पुढचं भांडण वाचवतात.

बॉलला ‘पाव फेऱ्यात उघडतो, हँडल पाइपच्या रेषेत असेल तर उघडा’ असं लिहिते. फुल बोअर आहे की रिड्यूस्ड बोअर हे ओळीत असेल तर ते हमखास ठेवते, आणि त्याला ‘पूर्ण छिद्र’ वगैरे करत नाही.

याच कुळातले आणखी काही शब्द आहेत. बॉडीचं ‘शरीर’, स्टेमचं ‘खोड’, सीटचं ‘आसन’, आणि माझा नावडता म्हणजे ट्रिमचं ‘छाटणी’. ट्रिम म्हणजे काही कापायचं नसतं. आतले सीट, डिस्क किंवा वेज, स्पिंडल असे प्रवाहाला लागणारे भाग कुठल्या धातूचे आहेत ते त्या शब्दात असतं. तिथे ‘ट्रिम (आतले भाग)’ लिहिलं की संपलं. आणि आरएफ फ्लँजला चेहरा नसतो. गॅस्केट बसतं तो उंचवटा म्हणजे आरएफ, आणि प्रत्येक फिटर त्याला आरएफच म्हणतो.

चेक व्हॉल्व: शब्द सुधारला तरी वाक्य चुकतं

‘तपासणी झडप’ काढून ‘चेक व्हॉल्व (एनआरव्ही)’ लिहिलं की निम्मं काम होतं. इथे कंसातलं दुसरं नाव मी मुद्दाम ठेवते, कारण ड्रॉइंगवर चेक असतं आणि तोंडात एनआरव्ही. इंग्रजीतल्या या चेकचा अर्थ रोखणं आहे, बघणं नव्हे. उलट येणाऱ्याला रोखतो म्हणून चेक.

पण याच्या खालची टीप जास्त धोक्याची. मूळ अशी:

```
SUITABLE FOR HORIZONTAL AND VERTICAL (FLOW UP) INSTALLATION
```

पहिला अनुवाद असा झाला होता: ‘आडव्या व उभ्या लाईनमध्ये फक्त वरच्या दिशेने लावावा.’ एका ‘फक्त’ने सगळं बिघडवलं. आडव्या लाईनमध्ये वरची दिशा कुठली? एका फिटरने त्याचा अर्थ कव्हर वर ठेवायचं असा घेतला. स्विंग चेकचं कव्हर आडव्या लाईनमध्ये वरच ठेवतात, त्यामुळे योगायोगाने तो बरोबर होता. पण उभ्या लाईनमध्ये त्याच वाक्याचा दुसऱ्याने भलताच अर्थ लावला. ज्या लाईनमध्ये पाणी वरून खाली येत होतं तिथे त्याने व्हॉल्वचा बाण वर करून लावला, कारण कागदावर ‘वरच्या दिशेने’ होतं. म्हणजे प्रवाहाच्या बरोबर विरुद्ध. हायड्रोच्या, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी घेण्याच्या, वेळी लाईन भरेना तेव्हा कळलं. खरं तर त्या लाईनमध्ये तो व्हॉल्व बाण खाली करूनही चालला नसता. प्रवाह खाली जात असेल तर स्विंगचा पट वजनाने उघडाच लोंबतो आणि प्रवाह थांबला तरी मिटायला येत नाही. त्या जागेसाठी वेगळा, स्प्रिंगवर मिटणारा प्रकार लागतो, आणि तो निर्णय डिझाइनने घ्यायचा. चुकीच्या जागी दाखवलेला व्हॉल्व आमच्या चुकीच्या वाक्यामुळे सापडला हे आमचं नशीब.

आता मी ते दोन वाक्यांत तोडते: ‘आडव्या लाईनमध्ये चालतो. उभ्या लाईनमध्ये प्रवाह खालून वर जात असेल तरच चालतो.’ मूळ कंसातले दोन शब्द फक्त उभ्याला लागू होते. मराठीत कंस काढून एकच लांब वाक्य केलं की ते कुणालाही चिकटतात. कंसातली अट दिसली की वाक्य तोडायचं, ही माझी आता सवय झाली आहे.

फ्लँजचा आकडा: तीनशे पाउंड कशाचे?

आता मोठ्या घोळाकडे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘300# RF’ किंवा ‘300 LB’ असं लिहिलेलं असतं. हॅश म्हणजे पाउंड, पाउंड म्हणजे दाब, म्हणून मराठीत ‘३०० पाउंड दाबाची फ्लँज’. इतकं सरळ दिसतं की मी स्वतः दोन वर्षं असंच लिहीत होते.

हा आकडा जुन्या काळी वाफेच्या दाबावरून आला आणि पाउंडची सवय तेव्हापासून राहिली. आज एएसएमई बी१६.५ मध्ये तो क्लास आहे, नुसता आकडा, ज्याला एकक नाही. किती दाब सहन होईल हे धातू आणि तापमान यांवरून तक्त्यात बघायचं. नेहमीच्या कार्बन स्टीलची, ए१०५ ची फ्लँज घ्या. क्लास १५० ला ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार चालतात आणि २०० अंशांना १३.८ बारच उरतात. क्लास ३०० ला तेच आकडे ५१.१ आणि ४३.८. आता ‘३०० पाउंड दाब’ याचा शब्दशः हिशेब केला तर येतात २०.७ बार. म्हणजे अनुवादाने फ्लँजची ताकद निम्म्याहून कमी करून टाकली.

कमीच सांगितलं ना, मग बिघडलं काय, असं एका सहकाऱ्याने विचारलं होतं. बिघडलं ते चाचणीच्या वेळी. ३५ बार डिझाइन दाबाची, साध्या तापमानाची लाईन होती. दीडपट दाबाने, म्हणजे ५२.५ बारला हायड्रो घ्यायची होती. पंपावरच्या माणसाकडे चाचणीचा कागद वेळेवर पोचला नव्हता. त्याच्याकडे होता मराठी नोंदींचा कागद, आणि त्यावर ‘३०० पाउंड दाब’. त्याने तीनशेची दीडपट केली, साडेचारशे. गेजवर पाउंडाच्या पट्टीवर ४५० आले, म्हणजे ३१ बार, आणि त्याने पंप थांबवला. लाईन टिकली, कागदावर ‘ठीक’ असा शेरा पडला. ज्या दाबाला ती चालणार होती तेवढाही दाब तिने चाचणीत पाहिला नव्हता. नोंदवही तपासणाऱ्याने गेजचा आकडा वाचला म्हणून चाचणी पुन्हा झाली.

चाचणीचा दाब फ्लँजच्या आकड्यावरून कधीच काढायचा नसतो, ही चूक त्या माणसाची. पण ‘दाब’ हा शब्द त्याच्या हातात मी दिला होता.

म्हणून आता नियम असा: ‘क्लास ३००’. पाउंड नाही, दाब नाही, हॅशही नाही. फिटर बोलताना ‘तीनशेची फ्लँज’ म्हणतो, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण त्यातही एकक नाही. शुद्ध मराठीसाठी ‘दाबवर्ग’ असा शब्द सुचवला जातो. अर्थाने तो चांगला आहे, पण त्यात ‘दाब’ आला की मागचा किस्सा आठवून माझा हात थांबतो. काही उत्पादक फ्लँजच्या कडेवर आकड्यामागे अजूनही हॅश ठोकतात, म्हणून नोंदींच्या सुरुवातीला एकदाच लिहून ठेवते: ‘माल किंवा ड्रॉइंगवर 300#, 300 LB किंवा CL300 असं दिसेल. तिन्हींचा अर्थ क्लास ३००. हा दाबाचा आकडा नाही.’ इथे मी इंग्रजी अक्षरं आणि अंक मुद्दाम तसेच ठेवते, कारण धातूवर ठोकलेला आकडा डोळ्याने जुळवायचा असतो.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा, नाहीतर हा नियम दुसरीकडे खड्ड्यात घालेल. छोट्या आट्यांच्या बॉल व्हॉल्ववर ‘1000 WOG’ असं लिहिलेलं असतं. तिथला हजार खराच पाउंड प्रति चौरस इंचातला दाब आहे, पाणी, तेल, गॅससाठी, साध्या तापमानाला. त्याला ‘क्लास १०००’ केलं तर दुसऱ्या टोकाची चूक झाली. फ्लँजच्या यादीत क्लास १००० असतच नाही. तिथे १५०, ३००, ४००, ६००, ९००, १५०० आणि २५०० एवढेच आहेत.

आकडा ‘सुधारू’ नका

एका पंपाच्या नोंदीत नोझलसमोर १२५ आणि त्याला जोडणाऱ्या पाइपच्या फ्लँजसमोर १५० होतं. मुद्रितशोधन करणाऱ्याला ती विसंगती वाटली आणि त्याने दोन्हीकडे १५० केलं. हेतू चांगला होता. पण पंपाचं नोझल कास्ट आयर्नचं होतं. क्लास १२५ ची कास्ट आयर्न फ्लँज आणि क्लास १५० ची स्टीलची फ्लँज यांची भोकं एकमेकांना जुळतात, आणि ही जोडी नेहमी लावली जाते. अट अशी की स्टीलच्या बाजूलाही तोंड सपाट हवं आणि गॅस्केट पूर्ण तोंडाचं. आरएफ फ्लँज लावून बोल्ट आवळले तर कडेला आधार उरत नाही, कास्ट आयर्नची फ्लँज वाकायला बघते, आणि कास्ट आयर्न वाकत नाही, तडकतं. १२५ हा आकडा त्या अटीची आठवण होता. तो पुसला गेल्यावर खालची ‘एफएफ’ची, म्हणजे सपाट तोंडाची, टीप फिटरला निरर्थक वाटू लागली, कारण दीडशेला दीडशे, मग आरएफ का नको?

डोळ्याच्या अंदाजावर सोडण्यासारखी ही बाब नाही, हे चार इंची साइजमध्ये सगळ्यात चांगलं दिसतं. क्लास १५०, क्लास ३०० आणि युरोपीय पद्धतीची पीएन १६, तिघींनाही भोकं आठच. लांबून तिन्ही सारख्या. पण भोकांच्या वर्तुळाचा व्यास अनुक्रमे १९०.५, २०० आणि १८० मिलिमीटर. पीएन १६ लाच कुणी ‘क्लास १६’ लिहिलं किंवा ‘साधारण दीडशेचीच’ म्हणून क्लास १५० करून टाकलं तर स्टड आत जाणार नाही, आणि मग भोकं मोठी करायची टूम निघते. पीएनला पीएनच राहू द्या.

जुनी चूक परत येऊ नये म्हणून

चूक परत येते ती बहुतेक वेळा माणसाच्या नाही, फाइलच्या आठवणीतून. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘तपासणी झडप’ एकदा मंजूर झालेली असली की ती प्रत्येक नव्या यादीत शंभर टक्के जुळणी म्हणून वर येते. चालू फाइल दुरुस्त करून भागत नाही, स्मृतीतली नोंदच बदलावी लागते. शब्दसंग्रहात मी ‘गोल झडप’, ‘तपासणी झडप’, ‘छाटणी’ आणि ‘पाउंड दाब’ हे वर्ज्य म्हणून टाकले आहेत, म्हणजे ते दिसले की सॉफ्टवेअर लाल करतं. मूळ इंग्रजीत हॅश आणि एलबी शोधायला ही ओळ वापरते:

```
\b(150|300|400|600|900|1500|2500)\s*(#|LBS?)
```

जे सापडेल ते हाताने बघते, सगळं एकदम बदलत नाही. सपोर्टच्या तक्त्यात ३०० एलबी हे खरंच वजन असू शकतं. आणि हॅश आकड्याच्या आधी असेल, मागे नव्हे, तर तो बहुधा ‘क्रमांक’ असतो.

शेवटची चाचणी मी फिटरकडेच घेते. छापण्याआधी पाच-सहा ओळी दाखवते आणि तीन गोष्टी विचारते. रॅकवर यातलं काय उचलशील? बाण कुठे ठेवशील? फ्लँजच्या कडेवर कुठला आकडा शोधशील? ‘समजलं का’ असं विचारत नाही, कारण त्याला उत्तर नेहमी ‘हो ताई’ हेच येतं. मागच्या वेळी त्याच फिटरने, एनआरव्हीवाल्या, तिसऱ्या प्रश्नाला कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “आकडा तीनशे दिलाय, पण दोन इंचीला सहाशेची फ्लँज पण भोकाला भोक बसते. आरएफ किती उंच ते लिहाल का?” बरोबर होतं त्याचं. दोन इंची साइजला क्लास ३०० आणि ६०० चं भोकांचं वर्तुळ एकच असतं. फरक जाडीत आणि उंचवट्यात दिसतो, तीनशेला साधारण २ मिलिमीटर आणि सहाशेला ७. ती ओळ आता कागदावर आहे.